VO₂: आधी जोड्या सुटतात की आधी इलेक्ट्रॉन सुटतात?

मृद्गंध_२७ | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच आलेखापाशी अडकले आहे, म्हणून धागा काढतेय.

मी व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या पातळ फिल्मवर काम करते. सफायरवर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा थर. हा पदार्थ ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास अवाहकाचा धातू होतो. माझ्या फिल्मचा रोध संक्रमणाच्या जरा आधी ५०० किलोओहम असतो आणि पलीकडे ५०० ओहम, म्हणजे हजार पटींचा फरक. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे.

आता गंमत बघा. तापवत नेताना ७० अंशांना रोध ८५० ओहमपर्यंत आला होता. लॉग आलेखावर बघितलं तर धातू झालाच म्हणायचा. पण त्याच ७० अंशांना रामन, म्हणजे रचनेची कंपनं दाखवणारं लेझरचं मापन, घेतलं तर थंड रचनेची, म्हणजे एम१ची, १९५ आणि २२३ प्रति सेंटीमीटरची शिखरं अजून उभी! रचना जुनीच आहे आणि वीज मात्र वाहायला लागली आहे. याचा अर्थ अणूंच्या जोड्या सुटायच्या आधी इलेक्ट्रॉन मोकळे झाले, असाच ना? मग हे इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या प्रतिकर्षणाने घडणारं मॉटचं संक्रमण ठरतं, अणूंच्या जोड्यांमुळे घडणारं पायर्ल्सचं नाही. गटात सगळे म्हणतात की पेपर लिहायला घे. माझं मन मात्र तयार होत नाही.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ७:१५

मृद्गंध, मन तयार होत नाही ते बरंच आहे. माझ्या मते हा प्रश्न १९७१ मध्ये गुडइनफ यांनी मिटवला आहे.

गरम असताना रुटाइल रचनेत व्हॅनेडियमचे अणू एका ओळीत २.८५ अँगस्ट्रॉमच्या सारख्या अंतरावर असतात. थंड झालं की दोन-दोन जवळ येतात. जोडीतलं अंतर २.६५ होतं आणि दोन जोड्यांमधलं ३.१२. प्रत्येक अणूकडे एकच डी इलेक्ट्रॉन असतो. दोघांचे दोन इलेक्ट्रॉन बंधाच्या पट्ट्यात बसले की पट्टा पूर्ण भरतो आणि अवाहक तयार होतो. जोडी तिरकीही होते, त्यामुळे शेजारचा π* पट्टा वर सरकतो आणि भरलेला पट्टा व रिकामे पट्टे यांच्यात ऊर्जेचं अंतर उघडतं. यात प्रतिकर्षणाला कामच उरत नाही.

दुसरी खूण चुंबकत्वाची. मोरिन यांनी १९५९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ही संक्रमणं दाखवली तेव्हा त्यांची सांगड प्रतिलोहचुंबकत्वाशी घातली होती. V₂O₃ मध्ये ते जमतं, पण VO₂ थंड झाल्यावर चुंबकीय क्रम लावतच नाही. स्पिन जोडीत मिटून जातात. मॉट अवाहक असता तर एकेक सुटा स्पिन दिसला असता. तेव्हा तुमच्या मापनातच कुठेतरी चूक असणार.

वऱ्हाडी_वाडा | मंगळवार, सकाळी ९:०२

मी नागपूरला घरांच्या काचांचं काम करतो. हा तोच पदार्थ आहे का, जो काचेवर लावला की उन्हाळ्यात उष्णता अडवतो आणि हिवाळ्यात आत सोडतो? ६८ अंश काय कामाचे हो, आमच्याकडे मे महिन्यातही काच एवढी तापत नाही. तो आकडा ३० वर आणता येतो का, आणि काच काळी पडते का?

जुना_प्रयोगवाला | मंगळवार, दुपारी १:३०

मृद्गंध, तुझी मापनं चुकीची नाहीत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय. जरा सविस्तर सांगतो, कारण या खड्ड्यात आम्ही सगळे कधी ना कधी पडलो आहोत.

फिल्म एका क्षणात बदलत नाही. आधी इथे-तिथे धातूची बेटं उगवतात, ती वाढतात, एकमेकांना भिडतात. कझिलबाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सूक्ष्म अवरक्त चित्रांत ही बेटं प्रत्यक्ष दाखवली. आता तुझ्या दोन उपकरणांना त्यातलं काय दिसतं ते बघ. रोध फक्त एवढंच विचारतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड वाट आहे का. रामन मात्र लेझरच्या ठिपक्याखाली जे जे आहे त्या सगळ्याची बेरीज देतं. त्यात रुटाइलचा सूर मंद आणि पसरट, एम१चा टोकदार. त्यामुळे थोडंसं एम१ उरलं तरी तेच डोळ्यात भरतं.

आता तुझेच आकडे घेऊ. कण थराच्या जाडीइतके खोल असतील तर फिल्म सपाट, म्हणजे दोन मितींची धरता येते. बुद्धिबळाच्या पटासारखी निम्मी घरं धातूची, निम्मी अवाहकाची, पण कशीही विखुरलेली. अशा मिश्रणाचा रोध दोन्ही टोकांच्या गुणोत्तर-मध्याइतका येतो. डिख्ने यांनी १९७० मध्ये हे नेमकं सिद्ध केलं आहे. ५०० किलोओहम आणि ५०० ओहम यांचा गुणोत्तर-मध्य साधारण १६ किलोओहम. म्हणजे रोध तीस पट पडला असतो तेव्हाही निम्मी फिल्म जुन्याच रचनेत असते!

अजून पुढे जा. ८० टक्के धातू झाला की वाहकता धातूच्या सुमारे ०.६ पट भरते. ५०० ला ०.६ ने भाग, ८३० ओहम येतात. तुझं ७० अंशांचं वाचन किती? ८५०. म्हणजे तेव्हा पाचवा हिस्सा फिल्म अजून एम१ आहे, आणि रामनला दिसतोय तो हाच हिस्सा. 'धातू झालेलं एम१' मानायची गरजच पडत नाही. रचना आणि इलेक्ट्रॉन हातात हात घालून बदलले तरी तुझा आलेख हुबेहूब असाच आला असता.

तुझ्या आलेखातून मॉट सिद्ध होत नाही आणि पायर्ल्सही सिद्ध होत नाही. निळी_शाईंनी प्रश्न मिटला असं म्हटलंय, त्यावर संध्याकाळी लिहितो.

मृद्गंध_२७ | मंगळवार, दुपारी २:१०

सर, ८३० वाचून पोटात गोळाच आला. पण लेझरनेही फिल्म तापते ना? त्याने गोंधळ झाला असेल का?

जुना_प्रयोगवाला | मंगळवार, दुपारी २:४५

लेझरची दिशा उलटी आहे. त्याने ठिपका नमुन्याखालच्या तापत्या स्टेजपेक्षा गरम होतो, म्हणजे एम१ लवकर नाहीसं व्हायला हवं. तुला ते उशिरापर्यंत दिसतंय. त्यामुळे या फरकाचं खापर लेझरवर फोडता येत नाही. तरी शक्ती निम्मी करून एकदा घे. संक्रमण सरकलं तर ठिपका तापतोय हे कळेल.

मला संशय आहे तो संपर्काचा. रोध मोजताना नमुना सिल्व्हर पेस्टने चिकटवला होतास का, आणि रामनला नुसताच ठेवला होतास का? नुसता ठेवला तर फिल्म स्टेजपेक्षा दोन-तीन अंश थंड राहू शकते. इतक्या अरुंद संक्रमणात दोन-तीन अंश म्हणजे सगळंच आलं.

मृद्गंध_२७ | मंगळवार, दुपारी २:५२

रोधाच्या वेळी पेस्ट होती. रामनला नुसता ठेवला होता. दोन वेगळी स्टेज, दोन वेगळे दिवस.

सोल्डर_सुवास | मंगळवार, सायंकाळी ५:२०

मी थर्मल कॅमेरे दुरुस्त करतो. त्यांच्या सेन्सरमध्ये व्हॅनेडियम ऑक्साइडच असतं, पण आजवर एकाही कॅमेऱ्यात ६८ अंशांना उडी पाहिली नाही. रोध हळूहळू उतरतो, अंशाला साधारण दोन टक्के. तुमचा नमुना खराब तर नाही?

जुना_प्रयोगवाला | मंगळवार, रात्री ९:१०

सोल्डर_सुवास, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पदार्थ वेगळा आहे. कॅमेऱ्यात ऑक्सिजनचं प्रमाण मुद्दाम मिश्र ठेवलेला थर असतो, कारण तिथे उडी नकोच असते. उडी आली की हिस्टेरिसिस येतो, मग तापवताना एक वाचन आणि गार होताना दुसरं. त्याने कॅमेरा निकामी होईल. शुद्ध VO₂ ला मात्र उडी हवीच. फिल्ममध्ये ऑक्सिजन जरा इकडेतिकडे झाला तरी ती खुजी होते. चांगल्या एकस्फटिकात ती लाख पटींपर्यंत जाते.

आता निळी_शाई. तुम्ही एम१बद्दल लिहिलेलं सगळं मला मान्य आहे. पण या पदार्थाला एम२ नावाचं भावंड आहे, आणि माझ्या मते या खटल्यातला खरा साक्षीदार तोच. थोडं क्रोमियम मिसळलं, किंवा स्फटिकाला एका दिशेने दाबलं, की एम२ मिळतं. पूजे, लोनुआ आणि मंडळींनी १९७४-७५ मध्ये ते खोलवर तपासलं. त्यात व्हॅनेडियमच्या निम्म्या साखळ्या जोड्या करतात, पण तिरक्या होत नाहीत. उरलेल्या निम्म्या नागमोडी तिरक्या होतात, पण जोड्या करत नाहीत. त्यांच्यातलं अंतर सारखंच राहतं.

आता या दुसऱ्या साखळीकडे बघा. सारखं अंतर, प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन. तुमच्या हिशेबाने पट्टा अर्धा भरलेला, म्हणजे साखळी धातू हवी. पण एम२ सरळ अवाहक आहे. त्याहून बोलकं म्हणजे, केंद्रकीय चुंबकीय अनुनादात या साखळ्यांवर एकेक सुटा स्पिन दिसतो. तुम्ही म्हणालात की मॉट अवाहक असता तर सुटा स्पिन दिसला असता. तो इथे दिसतोच आहे.

अजून एक. ताण बदलत नेला की या नागमोडी साखळ्या हळूहळू जोड्या करू लागतात आणि मधल्या टी अवस्थेतून एम१ येतं. सुटे स्पिन मिटत जातात, पण अवाहकपणा जागचा हलत नाही. जोड्यांमुळेच अवाहकपणा येत असता, तर जोडी नसताना तो गेला पाहिजे होता.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ६:५०

एम२चा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण ते क्रोमियम घातलेलं किंवा दाबलेलं VO₂. शुद्ध पदार्थाची थंड अवस्था एम१ आहे, प्रश्नही तिचाच आहे. शेजाऱ्याच्या वागण्यावरून घरच्या माणसाचा न्याय कसा करायचा?

शिवाय कावालेरी यांचे २००४ चे प्रयोग बघा. अतिजलद लेझरने VO₂ ला कितीही जोरात धक्का दिला तरी धातू व्हायला सुमारे ८० फेमटोसेकंद लागतातच. जोडीच्या कंपनाचा अर्धा फेरा तेवढाच असतो. नुसते इलेक्ट्रॉनच मोकळे व्हायचे असते तर इतका वेळ लागला नसता. अणू हलल्याशिवाय धातू होत नाही, हे यातून स्वच्छ दिसतं.

सुईदोरा | बुधवार, सकाळी ८:३०

मी काही वर्षं VO₂ च्या सुया वाढवल्या आहेत, त्यामुळे राहवत नाही. या सुया केसाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली एक सुई मोकळी ठेवून तापवा, गडद रंगाची सीमारेषा एका टोकाकडून सरकत येताना दिसते. मागे धातू, पुढे अवाहक. आता तीच सुई दोन्ही टोकांना घट्ट बांधा. थंड अवस्थेत सुई लांबीला जवळपास एक टक्का मोठी असते, त्यामुळे बांधलेल्या सुईला पुढे जायला वाव मिळत नाही. मग ती पट्टेदार होते, एक पट्टा धातूचा, एक अवाहकाचा, आणि कित्येक अंश तशीच राहते. जाड स्फटिक तर याच एका टक्क्यापायी दोन-चार फेऱ्यांत तडकतात. मी असे बरेच गमावले आहेत.

निळी_शाई, 'शेजारी' म्हणालात म्हणून सांगते. सिएटलला कॉब्डेन यांच्या गटाने २०१३ मध्ये अशाच एका सुईचा ताण आणि तापमान अगदी बारकाईने मोजलं. एम१, एम२ आणि रुटाइल या तिन्ही अवस्था ६५.० अंशांना एकत्र नांदतात, आणि तो त्रिबिंदू ताण शून्य असतानाच येतो. म्हणजे शुद्ध, मोकळ्या VO₂ मध्येही संक्रमणाच्या क्षणी एम२ उंबऱ्यावरच उभं असतं. हा शेजारी घरातलाच आहे.

मृद्गंध, म्हणूनच तुझ्यासाठी एक सूचना. सफायरवरच्या फिल्ममध्ये ताण असतोच. रामनमधल्या ६१२ च्या आसपासच्या शिखराला ६४५ कडे खांदा दिसतो का बघ. दिसला तर ते एम२ असू शकतं. तेही अवाहकच, त्याला 'धातू झालेलं एम१' समजू नकोस.

वऱ्हाडी_वाडा, तुमचा प्रश्न राहिला. हो, पदार्थ तोच. टंगस्टन मिसळलं की दर अणु-टक्क्याला तापमान साधारण २० ते २५ अंशांनी उतरतं, म्हणजे दोन टक्क्यांत ३० च्या आसपास येता येतं. पण उडीही बोथट होते. काच काळी पडत नाही. फरक मुख्यतः अवरक्तात होतो, डोळ्याला पिवळट-तपकिरी झाक दिसते, आणि घरमालक नेमकी तिलाच नको म्हणतात.

वऱ्हाडी_वाडा | बुधवार, सकाळी १०:१५

धन्यवाद ताई. पिवळट झाक असली तर आमच्याकडे कोणी घेणार नाही, हे खरं. पण टंगस्टन घातल्यावर तापमान उतरतं ते जोड्या मोडल्यामुळे का?

जुना_प्रयोगवाला | बुधवार, दुपारी १२:४०

वाडासाहेब, नेमकं बोट ठेवलंत. टंगस्टन दोन गोष्टी एकदम करतं. शेजारच्या व्हॅनेडियमना जादा इलेक्ट्रॉन देतं आणि जागेवरची जोडीही मोडतं. त्यामुळे दोन्ही पक्ष ते आपल्या बाजूने सांगतात आणि निकाल कुणाच्याच बाजूने लागत नाही.

निळी_शाई, ८० फेमटोसेकंदांचा प्रयोग मला फार आवडतो. पण आधी कोण हललं यावरून, शांत बसलेल्या अवस्थेत भार कोण पेलतो हे ठरत नाही. छताखालचा टेकू काढला आणि छत कोसळलं, तर टेकू गरजेचा होता एवढं कळतं. तुळई नव्हतीच, असं नाही कळत. २०१४ मध्ये मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनात, कमी जोराच्या धक्क्याने, जोड्या शाबूत असताना धातूसारखी अवस्था दिसल्याचं मांडलं. २०१८ मध्ये वॉल आणि मंडळींनी दाखवलं की जोड्या एका तालात उघडतच नाहीत, अणू आपापले विस्कटतात. मग 'कंपनाचा अर्धा फेरा' ही कल्पनाच पुन्हा तपासावी लागते.

माझं स्वतःचं मत सांगतो. एम१मधली एक जोडी हायड्रोजनच्या रेणूसारखी बघा. दोन अणू जवळ असले तर दोन्ही इलेक्ट्रॉन मोकळेपणी वाटून घेतले जातात, कधी दोघं एकाच अणूवरही सापडतात. अणू दूर ओढले की प्रतिकर्षण जिंकतं आणि ज्याचा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे राहतो. स्पिन दोन्हीकडे मिटलेलेच. म्हणजे चुंबकत्व नाही एवढ्यावरून आपण कुठल्या टोकाला आहोत ते कळत नाही. VO₂ ची जोडी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. बीअरमान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच गणित केलं. प्रतिकर्षण एकेका अणूपुरतं धरलं तर एम१ नीट उभं राहत नाही, आख्खी जोडी एक घटक धरली की पट्ट्यांमधलं अंतर उघडतं. जोडीशिवाय नाही, प्रतिकर्षणाशिवायही नाही.

निळी_शाई | बुधवार, रात्री १०:०५

हायड्रोजनचं उदाहरण पटलं. चुंबकत्वाचा माझा पुरावा मी समजत होतो तितका भक्कम नाही, हे मान्य करतो.

पण दोन गोष्टी सोडत नाही. साध्या घनता-फलन गणितात एम१चं अंतर उघडत नाही म्हणून प्रतिकर्षण हवं, असं म्हणतात. ते गणित सिलिकॉनचं अंतरही निम्मंच देतं, आणि सिलिकॉनला कोणी मॉट अवाहक म्हणत नाही. दुसरं, बुडाई आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोजलं की संक्रमणातल्या एन्ट्रॉपीपैकी सुमारे दोन तृतीयांश अणूंच्या कंपनांची असते. रुटाइलमध्ये अणू फार सैल झुलतात. संक्रमण ६८ अंशांनाच का होतं, याचा बराचसा हिशेब मग जाळीच्या हातात आहे.

जुना_प्रयोगवाला | बुधवार, रात्री १०:५०

दुसऱ्या मुद्द्यावर वाद नाही. संक्रमण केव्हा होतं आणि अवाहक कशामुळे टिकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्यात जाळीचं पारडं जड आहे. पहिल्या मुद्द्यावर मात्र, सिलिकॉनमध्ये अंतर लहान येतं, पण येतं तरी. एम१मध्ये पट्टे एकमेकांवर चढलेलेच राहतात. संकरित फलनांनी अंतर उघडतं, पण मग चुंबकीय अवस्था चुकतात. इथे आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

मृद्गंध_२७ | रविवार, रात्री ९:२५

सगळ्यांचे आभार. पेपर थांबवला आहे आणि नव्याने मोजलं आहे.

या वेळी नमुना सिल्व्हर पेस्टने चिकटवला, तारा लावून रामनच्याच स्टेजवर ठेवला आणि दोन्ही एकदम घेतलं. सफायरचं ४१८ चं शिखर मापदंड धरून एम१च्या शिखरांची उंची भागली. लेझर निम्मा करूनही बघितला, संक्रमण अर्ध्या अंशाहून कमी सरकलं.

रोध १६ किलोओहम असताना एम१चं शिखर मूळ उंचीच्या ५५ टक्के. रोध ८४० असताना २३ टक्के. सर, तुमच्या पटाच्या हिशेबाच्या इतकं जवळ आलं की वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आधीचा मोठा फरक बहुतेक स्टेजचाच होता. गार होतानाही दोन्ही वक्र सोबतच परतले.

सुईदोरा ताई, ६४५ चा खांदा आहे! ६६ ते ६९ अंशांमध्येच, तोही फक्त तापवताना. गार होताना अजिबात नाही. एम२ येतं असं धरलं तर येताना का आणि जाताना का नाही?

सुईदोरा | सोमवार, सकाळी ७:४०

धातूची बेटं उगवली की ती लांबीला आखडतात आणि मधल्या अवाहक भागाला ओढतात. त्या ओढीत एम२ला वाव मिळतो, तापवतानाचा भाग एवढ्याने समजतो. गार होताना तो का दिसत नाही, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. गार करताना अर्ध्या-अर्ध्या अंशाने थांबून, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं मोजून बघ. आणि शक्य असेल तर तीच फिल्म दुसऱ्या दिशेने कापलेल्या सफायरवर वाढव. खांदा ताणामुळे येत असेल तर तिथे तो हलायला हवा.